सातवीतल्या मुलीला कुणीतरी आवडू लागलं, तेव्हा

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये वर्तकनगरमधली एक आई माझ्याकडे आली. मी ठाण्यात शालेय समुपदेशक म्हणून काम करते आणि संध्याकाळी काही वेळ पालकांना भेटते. खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली, “मॅडम, मुलीचं लफडं सुरू झालंय. सातवीत आहे हो ती!”

नक्की काय झालंय, हे मी शांतपणे विचारत गेले. अर्ध्या तासाने हाती लागलं ते एवढंच. मुलीला (तिला इथे सई म्हणू, नाव आणि काही तपशील तिच्या आईच्या संमतीने बदलले आहेत) शिकवणीच्या क्लासमधला आठवीतला एक मुलगा आवडत होता. त्याच्याशी ती आजवर दोनदा बोलली होती. एकदा “सर आले का?” आणि एकदा “पेन आहे का?” मुलाला यातलं काहीही माहीत नव्हतं. सईने हे फक्त तिच्या जवळच्या मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, तेही आईच्याच फोनवरून, कारण क्लासचा ग्रुप आईच्या फोनवर होता. रात्री फोन चार्जिंगला लावताना आईला दिसलं, “आज त्याने तीनदा बघितलं माझ्याकडे. मला जेवणच जात नाहीये.”

त्यानंतर घरात जे झालं, ते आई सांगताना स्वतःच रडत होती. रात्री अकराला मुलीला उठवलं. बाबा, आजी, आई तिघंही समोर. “कोण आहे तो?”, “कधीपासून चालू आहे?”, “अजून काय काय झालंय?” दुसऱ्या दिवशी क्लास बंद. बाबांनी क्लासच्या सरांना फोन केला, सरांनी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, मुलगा चक्रावला. दोन दिवसांत अख्ख्या बॅचला कळलं. त्या बॅचमधली काही मुलं सईच्या शाळेत होती, त्यांनी मधल्या सुट्टीत तिला “वहिनी, वहिनी” म्हणायला सुरुवात केली. सई घरात बोलायची थांबली. आणि तीन आठवड्यांनी आईला कळलं, की मैत्रिणीच्या फोनवरून तिने इन्स्टाग्रामवर खातं उघडलंय. इन्स्टाग्रामला किमान वय 13 लागतं, ही 12 वर्षांची, म्हणजे जन्मसाल खोटं टाकलेलं.

आई आली होती ती त्या खात्यामुळे. पण मला तिच्याशी बोलायचं होतं ते आधीच्या तीन आठवड्यांबद्दल. एका मुलीला एक मुलगा आवडला आणि तिने ते मैत्रिणीला सांगितलं, इतकीच मूळ गोष्ट होती. तिच्यातून चव्हाट्यावरची बदनामी आणि चोरून उघडलेलं खातं, हे सगळं आपण मोठ्यांनी तयार केलं होतं.

बाराव्या वर्षी हे येतं कुठून

पालक पहिला प्रश्न हाच विचारतात, की इतक्या लवकर कसं? आणि उत्तरही त्यांच्याकडे तयार असतं: मोबाइल, मालिका, संगत. मोबाइलमुळे या भावनेला शब्द आणि नमुने मिळतात, हे खरं. पण मुळात ओढ निर्माण होते ती शरीरातून, आणि आपल्याला वाटतं त्याच्या बरीच आधी.

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात, अधिवृक्क ग्रंथी. साधारण सहा ते आठ वर्षांच्या सुमारास त्या एका वेगळ्या गटातली संप्रेरकं बनवायला लागतात, मुलींमध्येही आणि मुलांमध्येही. बाहेरून काही दिसत नाही. मुलीची पाळी, मुलाचा आवाज फुटणं हे सगळं नंतरचं, कारण ते बीजांडकोश आणि वृषणं यांचं काम. 2000 साली गिल्बर्ट हर्ट आणि मार्था मॅक्लिंटॉक या अमेरिकी संशोधकांनी एक निरीक्षण मांडलं. मोठ्या माणसांना ‘तुम्हाला पहिल्यांदा कुणाबद्दल आकर्षण वाटलं ते कधी?’ असं विचारलं, की सरासरी वय दहाच्या आसपास येत होतं. ज्यांना पुढे भिन्नलिंगी व्यक्ती आवडल्या त्यांचंही, आणि ज्यांना समलिंगी आवडल्या त्यांचंही. अधिवृक्क ग्रंथींचं हे काम दहाव्या वर्षापर्यंत चांगलं वाढलेलं असतं, त्याचा याच्याशी संबंध असावा, असा त्यांचा तर्क होता. तर्क म्हणूनच तो घ्यावा. पण पाचवी-सहावीतल्या मुलाला कुणाकडे तरी बघून पोटात गोळा येतो, हे शाळेत काम करणाऱ्या कुणालाही नवं नाही.

म्हणजे सातवीतली सई काळाच्या पुढे धावत नव्हती. खरं तर ती वेळेवर होती.

दुसरी गोष्ट ‘जेवणच जात नाहीये’ या वाक्याची. ते वाचून आई हादरली होती. पण या वयात आनंद आणि बक्षीस जाणवणारे मेंदूचे भाग फार तरतरीत झालेले असतात, आणि त्या भावनेला आवर घालणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग पूर्ण पिकायला पंचविशी उजाडते. त्यात जे बक्षीस कधी मिळतं, कधी मिळत नाही, त्याची ओढ सर्वांत जास्त लागते. रोज नक्की मिळणाऱ्या गोष्टीची सवय होते. ‘आज बघेल का?’ याची सवय होत नाही. तीन वेळा बघितलं की सईचे दोन दिवस उजळायचे आणि एक दिवस नाही बघितलं की भूक मरायची. आईला त्यात फार पुढे गेलेलं नातं दिसलं, कारण आपण मोठी माणसं इतकी तीव्र भावना नात्यातच अनुभवतो. सईच्या बाबतीत नातं नव्हतंच. नुसती नजर आणि तिच्यावर बांधलेली कल्पना होती.

या वयातल्या पहिल्या आवडीत बहुतेक वेळा असंच असतं. समोरची व्यक्ती जवळजवळ लागतच नाही. मुलं मनातल्या मनात बोलतात, उत्तरं देतात, रुसतात. आपल्याला कसं माणूस आवडतं, आवडलं की आपण कसे वागतो, लाज कशी वाटते, हे सगळं त्या एका सुरक्षित अंतरावरून शिकून घेतात. वहीच्या शेवटच्या पानावर दोन अक्षरं लिहिणं आणि मग त्यावर निळ्या पेनाने गिरगटून ठेवणं, हे त्या शिकण्याचंच काम असतं.

बॅच, मैत्रिणी आणि ‘वहिनी’

पालकांना वाटतं की धोका त्या मुलात आहे. माझा इतक्या वर्षांचा अनुभव वेगळा सांगतो. सहावी ते आठवीत मुलांना खरी इजा होते ती चिडवण्याने. या वयात कोण कुणाला आवडतं ही दोघांची खासगी गोष्ट नसते, ती वर्गाची मालमत्ता असते. कित्येकदा तर जोडी वर्गच लावतो. दोन मुलं एकदा एका बाकावर बसली, प्रकल्पात एका गटात आली, की नावं जोडली जातात, आणि त्या दोघांना एकमेकांकडे बघायचीही चोरी होते. मग मुलगी डबा खायला वर्गाबाहेर जात नाही, मुलगा ‘मी असल्या मुलीकडे बघत पण नाही’ असं सगळ्यांसमोर म्हणतो, आणि ते तिला तिसऱ्याकडून कळतं.

म्हणून सईच्या बाबांचा सरांना गेलेला फोन ही त्या घरातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट होती. ओरडणं विसरलं जातं. बॅचमध्ये फुटलेली गोष्ट परत आत घालता येत नाही. क्लासच्या सरांना, शाळेच्या बाईंना, समोरच्या मुलाच्या आईवडिलांना फोन करायचा तो तेव्हाच, जेव्हा कुणी मुलाला त्रास देतंय, धमकावतंय किंवा पाठलाग करतंय. केवळ आवडणं हे फोनचं कारण नाही. हाच नियम घरातल्या घरातही लागू होतो. गणपतीला जमलेल्या काका-मामांसमोर “आमच्या बाईंना आता मित्र आवडायला लागलेत हं” असं लाडाने म्हटलेलंसुद्धा मुलाला बॅचमधल्या ‘वहिनी’सारखंच लागतं.

इथे मला शब्दांबद्दलही बोलायचं आहे. आपल्या घरांमध्ये या गोष्टीला कोणते शब्द आहेत बघा: लफडं, भानगड, प्रकरण, थेरं, नाद. हे सगळे शब्द पंचनाम्याचे आहेत. त्यातला एक जरी तोंडातून गेला, की मूल आरोपी होतं आणि बचावाला लागतं. मुलं स्वतः काय म्हणतात? “आवडतो.” “क्रश आहे.” सरळ, हलका शब्द. मी पालकांना एवढंच सांगते, की मुलाचा शब्द उचला. सईच्या आईने माझ्यासमोर बसून ‘लफडं’ ऐवजी ‘तिला तो आवडतो’ असं वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं. म्हणताना तिचा आवाजच खाली आला.

आपल्याला कळतं, कारण ते सांगतात

“मग मी लक्ष ठेवायचंच नाही का?” हा आईचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त होता.

स्वीडनमध्ये हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर या दोघांनी चौदा वर्षांच्या मुलांवर आणि त्यांच्या पालकांवर केलेला एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. तोवर असं मानलं जायचं, की ज्या पालकांना मुलाबद्दल जास्त माहिती असते, ते जास्त ‘लक्ष ठेवणारे’ पालक, आणि म्हणून त्यांची मुलं कमी भरकटतात. या दोघांनी एक साधा प्रश्न विचारला: पालकांना ही माहिती मिळते कुठून? विचारपूस करून, नियम घालून, की मूल आपणहून सांगतं म्हणून? निष्कर्ष असा निघाला, की माहितीचा मोठा भाग मूल आपणहून सांगतं त्यातून येतो. चौकशी आणि कडक नियम यांचा वाटा त्यामानाने थोडा. स्वीडनमधलं घर आणि ठाण्यातलं आजी-आजोबांसहचं दोन खोल्यांचं घर यांत फरक आहे, तो मी विसरत नाही. पण हा निष्कर्ष आपल्याकडे मला रोज दिसतो. फोन तपासून पालकांना जे कळतं, ते मुलाने आधीच केलेलं असतं. मूल सांगतं ते बऱ्याचदा करायच्या आधी.

सईच्या घरी रात्री अकराला नेमकं हेच तुटलं. सई तोवर आईला सगळं सांगणारी मुलगी होती. त्या रात्री तिला एक धडा मिळाला, की आईच्या फोनवर काही लिहायचं नाही. तो तिने नीट गिरवला आणि मैत्रिणीच्या फोनवर गेली. विरोध केला की प्रेम आणखी वाढतं, असं सर्रास म्हणतात. त्याचा पुरावा तितका पक्का नाही. 1972 मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी तसं दाखवलं होतं, पण 2014 मध्ये पुन्हा तपासल्यावर ते तसं आढळलं नाही. विरोधाने आवड वाढली काय किंवा नाही काय, लपवणं नक्की वाढतं. आणि आपल्याला घाबरायला हवं ते लपवण्याला.

म्हणून ज्या क्षणी कळतं, त्या क्षणी करण्यासारखं फारसं काही नसतं, आणि तेच सर्वांत अवघड. फोन खाली ठेवायचा. त्या रात्री काही बोलायचं नाही. नवऱ्याला किंवा बायकोला सांगायचं असेल तर सांगा, पण मुलाला कोंडाळ्यात घेऊ नका. भीती, राग, ‘लोक काय म्हणतील’ हे आपल्या अंगावरून जायला एक रात्र लागते. सकाळी उठल्यावर स्वतःला विचारायचे ते दोनच प्रश्न: समोरची व्यक्ती साधारण तिच्याच वयाची आहे का? आणि माझ्या मुलीवर कुणी कसली जबरदस्ती करतंय का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असेल, तर घाई कशाचीच नाही.

उपवनची फेरी

पण सईच्या आईसाठी ती वेळ निघून गेली होती. तिला करायची होती दुरुस्ती.

आम्ही ठरवलं की हे बोलणं घरात करायचं नाही. समोरासमोर, डोळ्यांत डोळे घालून बसवलं की मुलं गप्प होतात. बाजूबाजूने चालताना, भांडी पुसताना, रिक्षात बसून बोलताना तेच मूल मोकळं होतं. रविवारी सकाळी आई तिला उपवन तलावावर घेऊन गेली. सोबत तिसरं कुणी नाही.

आईने काय बोलायचं ते लिहून, चार वेळा वाचून नेलं होतं. ती म्हणाली, “सई, मी तुझं मैत्रिणीशी झालेलं बोलणं वाचलं. ते समोर दिसलं हे खरं, पण मग मी वर वर जात सगळं वाचलं. ते चुकलं. रात्री उठवून ओरडले, तेही चुकलं. आणि बाबांनी सरांना फोन केला, त्यामुळे तुला शाळेत जे ऐकावं लागलं, त्याबद्दल मला फार वाईट वाटतंय.” आणि मग ती थांबली.

थांबणं हा यातला कळीचा भाग. माफीनंतर ‘पण’ आला, की माफी संपते. “पण तुझं वय काय?” हे वाक्य आईच्या ओठांवर आलं होतं, असं तिने मला नंतर सांगितलं. तिने ते गिळलं. अर्धा तलाव दोघी गप्प चालल्या. मग सई म्हणाली, “आता सगळे मला वहिनी म्हणतात. मी क्लासला गेले असते ना, तरी त्याच्याशी बोलले नसते.”

आईने विचारलं, “तुला त्याच्यात काय आवडायचं?” हा प्रश्न मी तिला दिला होता. कोण, कधी, किती वेळा असे प्रश्न चौकशीचे असतात, आणि त्यांना मूल एका शब्दात उत्तर देतं. ‘काय आवडतं’ या प्रश्नाने मूल स्वतःकडे बघतं. सई बराच वेळ बोलली. तो सोसायटीच्या गणपतीत आरतीला ढोलकी वाजवतो. एकदा एका लहान मुलाची सायकल पडली तर त्याने उचलून दिली. सरांनी ओरडलं तरी तो रडवेला होत नाही. ऐकताना आईला कळत गेलं, की मुलीला कौशल्य आवडतंय, दुसऱ्याला मदत करणं आवडतंय, न घाबरणं आवडतंय. त्यात नाकं मुरडण्यासारखं काय होतं?

इथे एक चूक बरेच चांगले पालक करतात. ऐकून इतकं बरं वाटतं, की ते मैत्रीण व्हायला जातात. रोज विचारतात, “आज काय झालं? बघितलं का?” मुलाला हे नको असतं. आपली आवड आईच्या हातात गेली, की ती आपली राहत नाही. सईच्या आईला मी सांगितलं, की पुन्हा आपणहून विषय काढायचा नाही. ती बोलली तर ऐकायचं. नाही बोलली तर तिचं तिच्यापाशी.

आणि नियम? ते हवेतच, पण आवडण्यावर नियम चालत नाहीत, वागण्यावर चालतात. उपवनच्या त्या फेरीत नियमांचा विषयच निघाला नाही. तो आठवड्याने, बाबांसह, जेवणानंतर निघाला. क्लास पुन्हा सुरू करायचा की दुसरी बॅच, हे सईने ठरवलं. तिने दुसरी बॅच घेतली. इन्स्टाग्रामचं खातं तिने आईसमोर बसून काढून टाकलं, आणि तेरा पूर्ण झाल्यावर पुन्हा बोलू असं ठरलं. व्हॉट्सॲप आईच्या फोनवरच राहील, आई मैत्रिणींशी झालेलं बोलणं वाचणार नाही, पण रात्री नऊनंतर फोन बाहेरच्या खोलीत. आणि एक नियम आईने स्वतःवर घातला: सईने सांगितलेली गोष्ट तिला विचारल्याशिवाय बाबांनाही सांगायची नाही. याला एक अपवाद तिने त्याच वेळी स्पष्ट केला. “तुला किंवा कुणालाही इजा होईल असं काही असेल, तर मी गप्प बसणार नाही. पण कुणाला सांगायच्या आधी तुला सांगेन.” हा अपवाद आधीच सांगून ठेवणं फार गरजेचं असतं. वेळ आल्यावर सांगितला तर तो विश्वासघात वाटतो.

दिवाळीपर्यंत तो मुलगा सईच्या बोलण्यातून गेला. एकदा कंदील बनवता बनवता ती म्हणाली, “तो आता काही खास नाही वाटत.” आईने “बरं” म्हटलं आणि गोंद पुढे केला. अशा वेळी ‘बघ, मी म्हटलं नव्हतं!’ हे न म्हणायला काय संयम लागतो, ते ज्यांना लागलाय त्यांनाच ठाऊक.

मुलींच्या पालकांना भीती जास्त वाटते, म्हणून माझ्याकडे मुलींच्या आयाच जास्त येतात. मुलाच्या घरी अनेकदा उलट होतं, बाप कौतुकाने हसतो. मुलालाही या वयात तितकंच लागतं, आणि त्याला एक गोष्ट घरातूनच कळायला हवी: एकदा विचारता येतं, ‘नाही’ ऐकल्यावर पुन्हा नाही. तिच्या इमारतीखाली रोज सायकल घेऊन उभं राहणं, मित्रांकरवी निरोप पाठवत राहणं, हे तिला प्रेम वाटत नाही, त्रास वाटतो. हे बाबांनी सांगितलं तर जास्त पोचतं. नकारानंतर मुलगा दोन-चार दिवस खोलीत पडून राहिला तर राहू द्या, शेजारी बसा. झोप, जेवण, शाळा हे दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं किंवा ‘जगून काय करू’ अशी भाषा आली, तर मात्र थांबू नये. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, मदत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येतं, आणि मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी.

डिसेंबर

सईची गोष्ट मी इथेच संपवली असती. पण डिसेंबरमध्ये तिच्या आईचा पुन्हा फोन आला, आणि या वेळी आवाज वेगळा होता.

आदल्या दिवशी शाळेतून येताना रिक्षात सईने स्वतःहून तोंड उघडलं होतं. तिच्या त्याच मैत्रिणीला, तेरा वर्षांची ती, इन्स्टाग्रामवर एक मुलगा आवडत होता. तो कॉलेजात होता, एकोणीस वर्षांचा. आधी गाणी पाठवायचा, मग “तू तुझ्या वयाच्या मुलींपेक्षा समंजस आहेस” म्हणायला लागला. मग म्हणाला की आपलं कुणाला सांगू नकोस. आता तो तसे फोटो मागत होता, आणि नाही पाठवले तर आधीचं बोलणं तिच्या शाळेच्या ग्रुपवर टाकेन म्हणत होता. मैत्रिणीने सईला शपथ घातली होती.

दोन्ही गोष्टींत एक मुलगी आणि एक मुलगा आहे, म्हणून त्या सारख्या नाहीत. वयातलं अंतर, गुप्ततेचा आग्रह, फोटोची मागणी, आणि धमकी. यातली एकही गोष्ट दिसली, तर ते कोवळं आकर्षण उरत नाही, एक मोठा माणूस एका मुलाला गळाला लावतोय. 2012 च्या पॉक्सो कायद्यात अठराच्या आतली प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि तिची संमती होती असं म्हणून सुटता येत नाही. लहान मुलाकडे असे फोटो मागणं हा गुन्हा आहे, आणि गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणं हेही त्या कायद्यात बंधनकारक आहे.

आईने आधी सईला सांगितलं, “मी म्हटलं होतं ना, इजा होईल असं असेल तर गप्प बसणार नाही. मला तिच्या आईला सांगावं लागेल. तू शपथ मोडलीस असं तिला वाटेल, तर ते माझ्यावर घे.” सई रडली, आणि मग म्हणाली, “सांग.” आई त्या मैत्रिणीच्या घरी गेली, फोन केला नाही. त्या घरातही पहिलं वाक्य तेच येणार होतं, ‘फोन काढून घेतो, शाळा बंद करतो.’ आईने त्यांना थांबवलं. मुलीने चूक केलेली नाही, तिला फसवलं गेलंय, हे तिच्या देखत दोनदा म्हटलं. बोलण्याचे स्क्रीनशॉट ठेवले, खातं लगेच उडवलं नाही, कारण तोच पुरावा. 1098 या बालकांच्या मदत क्रमांकावर बोलणं झालं, मग पोलिसांकडे तक्रार.

पोलिसांकडे जायला ते आईवडील फार घाबरत होते, मुलीचं नाव बाहेर येईल म्हणून. कायद्याने मुलीचं नाव, शाळा, फोटो काहीही प्रसिद्ध करता येत नाही. तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल त्या जागी घ्यावा लागतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आईवडील किंवा तिचा विश्वास असलेलं माणूस सोबत असताना. हे ऐकल्यावर ते तयार झाले. साध्या कपड्यांतल्या पोलीसताई घरी आल्या, आणि ती मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून बोलली.

त्या संध्याकाळी सईच्या आईने मला विचारलं, की ऑगस्टमध्ये आम्ही जसे वागलो तसेच पुढेही वागत राहिलो असतो, तर सईने हे रिक्षात सांगितलं असतं का. फोनवर मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही. मागून सई विचारत होती, “आई, कुणाशी बोलतेस?” आणि आई तिला म्हणाली, “मॅडमशी. तुझ्याबद्दलच बोलतेय. ये, तूपण बोल.”